नवा फोन, हरवलेलं सिम आणि बँकेचं ॲप: कुठली पायरी कधी

मी एका बँकेच्या शाखेत काउंटरवर बसते. आठवड्यातून तीन-चार जण तरी नवा फोन हातात धरून येतात आणि म्हणतात, "मॅडम, जुन्या फोनमधलं सगळं नव्यात आलं, फोटो आले, नंबर आले, फक्त बँकेचं ॲप उघडत नाही." ॲप बिघडलंय असं त्यांना वाटतं. खरं तर त्याने त्या क्षणी तसंच वागायला हवं असतं. तसं का, हे एकदा कळलं की फोन बदलणं दहा मिनिटांचं काम होतं, आणि सिम हरवलं तर कुठे घाई करायची नि कुठे थांबायचं हेही आपोआप उमगतं.

बँक नेमकं काय ओळखते

बँकेच्या दृष्टीने तुमची ओळख एकट्या फोनवर किंवा एकट्या नंबरवर ठरत नाही. अमुक नंबरचं सिम अमुक फोनमध्ये आहे, अशी जोडी ती नोंदवून ठेवते. या जोडणीला डिव्हाइस बाइंडिंग म्हणतात. ॲप पहिल्यांदा चालू करताना तुमच्या फोनमधून एक एसएमएस गुपचूप बाहेर जातो. त्यात वाचून अर्थ लागणार नाही अशी अक्षरं-आकड्यांची माळ असते. तो मेसेज बँकेच्या नंबरावर पोचला की तो कुठल्या मोबाइल नंबरवरून आला हे बँकेला दिसतं, कारण पाठवणाऱ्याचा नंबर मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून येतो, तुम्ही टाइप केलेला नसतो. तो नंबर खात्याला जोडलेल्या नंबराशी जुळला, की मेसेजमधल्या त्या खुणेवरून हा विशिष्ट फोन तुमच्या खात्याशी बांधला जातो.

इथे लोकांचा एक गोंधळ होतो. ओटीपी बँकेकडून आपल्याकडे येतो. बाइंडिंगचा मेसेज आपल्याकडून बँकेकडे जातो. म्हणून "ओटीपी तर येतोय, मग ॲप का चालत नाही" या प्रश्नाला अर्थ राहत नाही. येणारे मेसेज चालू आणि जाणारे बंद, असं अगदी होऊ शकतं.

आणि फोटो-नंबरांसारखं ॲप जुन्यातून नव्यात का येत नाही? बाइंडिंगची किल्ली फोनच्या आतल्या सुरक्षित कप्प्यात तयार होते आणि तिथून ती बाहेर काढता येत नाही. बॅकअपमध्ये ॲपचं चिन्ह येतं, किल्ली येत नाही. जुना फोन रीसेट करून पुन्हा तोच वापरायला घेतला तरी बहुतेक ॲप्स त्याला नवाच समजतात, ते याच कारणाने.

दोन्ही फोन हाताशी असताना

हा सोपा प्रसंग, पण क्रम पाळा. जुना फोन विकण्याआधी किंवा मुलाला देण्याआधी त्यात तीन गोष्टी करायच्या.

पहिली म्हणजे यूपीआय लाइट. चहा, भाजी, रिक्षाचे छोटे पैसे पिन न टाकता देण्यासाठी त्यात ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते. ही शिल्लक त्या फोनपुरती असते, नव्या फोनमध्ये आपोआप येत नाही. म्हणून आधी ॲपमध्ये जाऊन लाइट बंद करा. पैसे खात्यात परत जमा होतात. ही एक गोष्ट विसरून आलेले लोक मी सगळ्यात जास्त पाहते. पैसे बुडत नाहीत, पण मग ते परत मिळवायला बँकेत तक्रार नोंदवावी लागते.

दुसरी गोष्ट, डेबिट कार्ड शोधून काढा आणि त्याची मुदत तपासा. नव्या फोनवर ॲप चालू करताना बऱ्याच बँका कार्डाचा तपशील नाहीतर नेट बँकिंगचा आयडी-पासवर्ड मागतात. कार्ड मागच्या वर्षीच संपलंय हे त्याच वेळी कळलं तर गाडी तिथेच अडते.

तिसरी गोष्ट, रिचार्ज. नंबरची मुदत संपली असेल तर इनकमिंग काही दिवस चालू राहतं, आउटगोइंग आधी बंद होतं. प्लॅनमध्ये एसएमएस नसतील तर मुख्य बॅलन्समध्ये निदान पाच-दहा रुपये असू द्या. एका मेसेजला दीड-दोन रुपयेच लागतात, पण ते नसले की मेसेज जात नाही आणि ॲप "पडताळणी अयशस्वी" एवढंच सांगून मोकळं होतं.

आता सिम नव्या फोनमध्ये घाला. रेंज आली का पाहा आणि त्या सिमवरून घरातल्या कुणाला तरी एक साधा एसएमएस करा. व्हॉट्सॲप नव्हे, एसएमएस. तो गेला तर बाइंडिंगचाही जाईल. ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्या, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. ॲप उघडल्यावर ते एसएमएस आणि फोन या दोन परवानग्या मागेल, त्या द्या. दोन सिम असतील तर ॲप कुठलं सिम म्हणून विचारतं. तिथे बँकेला दिलेल्या नंबरचंच सिम निवडा. वाय-फाय थोडा वेळ बंद करून त्याच सिमचा डेटा चालू ठेवा, काही बँकांची ॲप्स तसं केल्याशिवाय पुढे जात नाहीत.

आयफोनमध्ये एक फरक आहे. तिथे ॲपला स्वतःहून एसएमएस पाठवता येत नाही, म्हणून मेसेजची खिडकी उघडते, त्यात ती अक्षरांची माळ आधीच भरलेली असते आणि पाठवण्याचं बटण तुम्हाला दाबावं लागतं. काही जण "हे काय विचित्र आहे" म्हणून तो मजकूर पुसतात. एकही अक्षर न बदलता, आहे तसा पाठवायचा.

बाइंडिंग झालं की बँकेचं ॲप उघडायचा पिन, म्हणजे एमपिन, बहुधा नव्याने ठेवावा लागतो. यूपीआय पिन मात्र तोच चालतो, कारण तो फोनमध्ये नसतो, बँकेकडे खात्याला जोडलेला असतो. विनाकारण बदलू नका. नव्या फोनवर नोंद झाल्यावर जुन्या फोनवरची त्या ॲपची जोडणी सहसा तुटते. तरीही जुना फोन हातातून जाण्याआधी ॲपमधून बाहेर पडून पूर्ण रीसेट करा.

आणि एक मर्यादा ध्यानात ठेवा. नव्या फोनवर यूपीआय चालू झाल्यापासून पहिले २४ तास सहसा एकूण ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. आयफोनवर काही बँका हाच काळ ७२ तासांचा ठेवतात. म्हणून घरभाडं किंवा फी भरायच्या आदल्या संध्याकाळी फोन बदलू नका.

मेसेज जात नाही तेव्हा

पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. काही प्रयत्नांनंतर ॲप दिवसभरासाठी कुलूप लावतं. आधी तो साधा एसएमएस करून पाहा. तोच जात नसेल तर अडचण बँकेची नाही, सिमची, रिचार्जची किंवा रेंजची आहे. तो जातोय पण बाइंडिंग होत नाही, तर फोनच्या सेटिंगमध्ये एसएमएससाठी कुठलं सिम ठरवलंय ते पाहा. दुसरं सिम ठरवलेलं असेल तर काही फोनवर मेसेज त्या नंबरवरून निघतो आणि बँक तो नाकारते. तेही बरोबर असेल तर दुसरं सिम तेवढ्यापुरतं काढून ठेवा. एवढं करूनही नाही झालं तर बँकेत तुमचा कुठला नंबर नोंदवलाय ते विचारा. पाच वर्षांपूर्वीचा नंबर खात्याला तसाच चिकटलेला, असं फार वेळा निघतं.

सिमसकट फोन गेला तर

आता अवघड प्रसंग. गेल्या वर्षी माझ्या वहिनीचा फोन गेला, तो घटनाक्रमच सांगते, कारण त्यात जवळजवळ सगळ्या अडचणी आल्या.

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला स्वारगेटला साताऱ्याच्या एसटीत चढताना गर्दीत पर्समधून फोन गेला. कात्रजच्या पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं. शेजारच्या बाईंचा फोन मागून तिने मला फोन केला. "वन्सं, आता काय करू? सगळं त्यातच आहे!" मी तिला पहिलं विचारलं, "फोनला लॉक होतं का?" होतं. "आणि यूपीआय लाइटमध्ये किती होते?" चौदाशे. म्हणजे पिनशिवाय जाऊ शकणारी रक्कम जास्तीत जास्त चौदाशे होती. तिला तेवढा तरी धीर आला.

पहिलं काम: सिम बंद करणं. लोक आधी बँकेला फोन लावतात, पण चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर फोनचं लॉक काही उपयोगाचं राहत नाही; सगळे ओटीपी त्या दुसऱ्या फोनवर येतात. त्याच कंपनीचं सिम असलेल्या कुणाच्याही फोनवरून ग्राहक सेवेला किंवा १९८ ला फोन लावून नंबर बंद करायला सांगता येतं. नाव, जन्मतारीख, शेवटचा रिचार्ज असलं काहीतरी विचारतात. इथे वहिनी अडली, कारण सिम दादाच्या नावावर होतं. मग दादाला फोन, दादाने कंपनीला फोन. सातच्या आत नंबर बंद झाला.

लगेच दुसरं: बँकेच्या हेल्पलाइनवरून मोबाइल बँकिंग आणि यूपीआय दोन्ही बंद करायला सांगणं. दोन्ही, हा शब्द महत्त्वाचा. बँकेचं ॲप बंद केलं म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या यूपीआय ॲपमधली जोडणी बंद होतेच असं नाही. फोनमध्ये ज्या ज्या खात्यांचं यूपीआय होतं, त्या प्रत्येक बँकेला सांगावं लागतं. प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्यायची. कार्ड पर्समध्येच होतं, म्हणून ते बंद करू नको असं मी तिला मुद्दाम सांगितलं. घाबरून सगळंच बंद केलं की पुढचे तीन दिवस हातात एक पैसा राहत नाही. कार्डाचा फोटो किंवा पिन फोनमध्ये साठवलेला असता तर मात्र तेही बंद करायला लावलं असतं.

खात्यातून पैसे गेलेले दिसले तर क्रम बदलतो: सिम बंद करून लगेच १९३० ला फोन करायचा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. तिथे मिनिटांना किंमत असते, कारण पैसे पुढच्या खात्यात थांबलेले असतील तरच गोठवता येतात.

रविवारी साताऱ्याला पोलीस ठाण्यात गहाळची नोंद केली. त्या नोंदीसाठी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो. तो बिलावर आणि डब्यावर छापलेला असतो. सोमवारी नाशिकहून दादा आला, कारण नवं सिम ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच मिळतं. मूळ आधार कार्ड, मोबाइल कंपनीच्या गॅलरीत फोटो आणि अंगठा, आणि साडेअकराला नंबर चालू झाला. दादाने वहिनीला तिथूनच फोन लावला आणि वहिनीला वाटलं, सुटलो.

ते २४ तास

इथे बहुतेक लोक फसतात. नवं सिम चालू झालं की फोन लागतो, इंटरनेट चालतं, पण एसएमएस येणं आणि जाणं दोन्ही २४ तास बंद असतं. २०२२ च्या नोव्हेंबरपासून दूरसंचार विभागाने सगळ्या कंपन्यांना हे बंधन घातलं आहे. गॅलरीतल्या माणसाशी भांडून काही होत नाही, त्याच्या हातात ते नाही.

नियमामागचं कारण आम्ही काउंटरवरून पाहिलेलं आहे. खोटी कागदपत्रं देऊन कुणीतरी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढायचा, तुमच्या फोनची रेंज जायची, आणि "नेटवर्कचा घोळ असेल" असं तुम्ही म्हणेपर्यंत तिकडे त्याचा फोन तुमच्या खात्याशी बांधला जायचा. आता त्याच्याकडे सिम आलं तरी दिवसभर मेसेज नाहीत आणि मेसेज नाहीत म्हणून बाइंडिंग नाही. तेवढ्यात खऱ्या माणसाला शंका यायला वेळ मिळतो. म्हणून तुमच्या फोनची रेंज घरात बसल्या बसल्या अचानक गेली आणि शेजारच्याची चालू असेल, तर त्याच तासात कंपनीला विचारा, "माझ्या नंबरचं सिम बदललंय का?"

साध्या सिमचं ई-सिम करून घेणं हाही सिमबदलच समजला जातो. नवा फोन घेताना दुकानदार सहज "ई-सिम करून देऊ का" विचारतो. पुढच्या दिवशी काही भरायचं असेल तर नको म्हणा. आणि सिम बदलल्यापासून ७ दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही, हा २०२४ च्या जुलैपासूनचा नियमही लक्षात असू द्या. रागाने कंपनी बदलायला निघालेले लोक तिथे अडकतात.

वहिनीची खरी अडचण वेगळीच होती. मुलीच्या क्लासची १८,५०० रुपये फी मंगळवारपर्यंत भरायची होती. यूपीआय नाही, नेट बँकिंगला ओटीपी नाही. तिला वाटलं मुदत चुकणार. पण खातं बंद झालेलं नसतं, फक्त फोनची वाट बंद असते. पासबुक, आधार आणि क्लासच्या खात्याचा नंबर घेऊन ती सोमवारी दुपारी शाखेत गेली, एनईएफटीचा फॉर्म भरला आणि संध्याकाळपर्यंत पैसे पोचले. घरखर्चाला कार्डाने एटीएममधून पैसे काढले. एटीएमला ओटीपीची साधारणपणे गरज नसते. काही बँका १०,००० पासून पुढे मागतात, म्हणून त्याच्या आतली रक्कम काढायची. कार्डही गेलं असेल आणि गाव लांबचं असेल, तर आधार खात्याला जोडलेलं असल्यास बँक मित्राकडे अंगठ्यावर थोडे पैसे मिळतात.

मंगळवारी बारा वाजता मेसेज सुरू झाले. आधी सांगितलेला साधा एसएमएस करून पाहिला, गेला. तरी पहिलं बाइंडिंग फसलं, कारण नव्या फोनमध्ये दुसरं सिम एसएमएससाठी ठरलेलं होतं. ते बदलल्यावर दोन मिनिटांत झालं. यूपीआय बुधवारी दुपारपर्यंत ५,००० च्या आत चाललं, मग पूर्ववत. शनिवार संध्याकाळ ते बुधवार दुपार, म्हणजे जवळजवळ चार दिवस. सिम तिच्या स्वतःच्या नावावर असतं तर ते रविवारीच मिळालं असतं आणि सगळं एक दिवस आधी पूर्ववत झालं असतं.

चोरीचा फोन देशभर बंद करण्याची ceir.gov.in वरची नोंद आम्ही सगळ्यात शेवटी केली. तिला पोलीस नोंदीची प्रत लागते आणि ओटीपीसाठी चालू सिम लागतं, म्हणून ती मेसेज सुरू झाल्यावरच करायची. लाइटमधल्या चौदाशेंसाठी बँकेत अर्ज दिला.

तो नंबर परत मिळणारच नसेल

सिम कधीचं बंद पडलं आणि नंबर दुसऱ्या कुणाला गेला, तर गॅलरीत जाऊन उपयोग नाही. शाखेत ओळखपत्र आणि पासबुक घेऊन खात्याचा नंबर बदलण्याचा फॉर्म द्या. तो बदल झाल्याचा मेसेज आल्यावरच ॲपला हात लावा. आधारला जोडलेला नंबरही तोच असेल तर आधार केंद्रात वेगळा बदलावा लागतो, बँकेतल्या बदलाने तो बदलत नाही.

एक मेसेज कधीच पाठवू नका

वहिनीला सोमवारीच एक फोन आला. "मॅडम, तुमचं यूपीआय बंद झालंय ना? मी एक मेसेज पाठवतो, तो जसाच्या तसा या दहा आकडी नंबरवर पाठवा, लगेच चालू होईल." सुदैवाने तिच्या सिमवरून त्या दिवशी मेसेज जाणारच नव्हता. वर सांगितलेली अक्षरांची माळ आठवा. ती माळ त्या माणसाच्या फोनमध्ये तयार झालेली असते. ती तुमच्या नंबरवरून गेली तर बँकेला दिसणारा नंबर तुमचा, पण बांधला जाणारा फोन त्याचा. तुम्ही ओटीपी सांगितलेला नसतो, लिंक उघडलेली नसते, तरी जोडी तयार होते. मग तो कार्डाचे आकडे किंवा पिन काढून घेण्याच्या मागे लागतो. हा मेसेज फक्त तुमच्या हातातल्या ॲपने पाठवायचा असतो. असा मेसेज चुकून गेला असेल तर बँकेला लगेच फोन करून यूपीआय बंद करायला सांगा आणि स्वतःच्या फोनवर नव्याने नोंदणी करा.

आज संध्याकाळी करण्याजोगं

फोनवर *#06# दाबा, आयएमईआय क्रमांक दिसेल. तो, बँकेच्या हेल्पलाइनचा नंबर, खाते क्रमांक आणि सिम कुणाच्या नावावर आहे, एवढं एका कागदावर लिहून कपाटात ठेवा. घरातल्या दुसऱ्या फोनमध्येही ठेवा, कारण फोन गेला की हेल्पलाइनचा नंबरही त्याच्याबरोबर जातो. पिन मात्र त्या कागदावर नको.

सिमलाही स्वतंत्र पिन लावता येतो. फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये सिम लॉक नावाचा पर्याय असतो. तो लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन मागतं, त्यामुळे चोराला ओटीपी मिळत नाहीत. लावताना कंपनीचा मूळ पिन विचारतात; तो अंदाजाने टाकू नका. तीन वेळा चुकला तर सिम उघडायचा पीयूके नावाचा वेगळा कोड मागतं आणि पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचं निकामी होतं. मूळ पिन कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारून घ्या.

वहिनीने हे सगळं केलं, आणि त्याच आठवड्यात दादाबरोबर गॅलरीत जाऊन नंबर स्वतःच्या नावावर करून घ्यायचा अर्जही दिला.